कॅशलेस क्लेमनंतर सात महिन्यांनी: खिशातून नक्की किती गेले

जुलैमध्ये सिंहगड रोडवर पावसात ब्रेक लागला नाही आणि माझ्या गाडीची डावी पुढची बाजू समोरच्या टेम्पोच्या कोपऱ्याला घासली. बंपर फुटला, हेडलाइट गेला, फेंडर आत गेला. कुणाला लागलं नाही आणि टेम्पोला ओरखडाही नव्हता, त्यामुळे पोलिसांपर्यंत काही गेलं नाही.

गाडी हलवण्याआधी मी फोटो काढले: नंबर प्लेट दिसेल असा एक आणि तुटलेल्या भागांचे जवळून चार. मग तिथूनच विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला. गाडी ज्या गॅरेजमध्ये न्यायची होती, ते माझ्याच कंपनीच्या कॅशलेस यादीत, म्हणजे कंपनी ज्यांना थेट पैसे देते त्यांत, आहे ना, हेही फोनवर पक्कं केलं. गॅरेजवाले ‘आमच्याकडे सगळ्यांचं कॅशलेस होतं’ असं म्हणतात, तेवढ्यावर जाऊ नका.

गॅरेजमध्ये आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि सही केलेला क्लेम फॉर्म दिला. तिथल्या माणसाने लगेच बंपर उतरवायला घेतला, तो मी थांबवला. विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने गाडी जशी आपटली तशी बघायला हवी, नाहीतर कुठलं नुकसान या अपघातातलं, हा वाद उभा राहतो. मागच्या दारावरचा जुना ओरखडाही ‘यातच बसवू’ म्हणाले. मी नको म्हटलं. पुढून धडक बसली तर मागचं दार कसं घासेल, हे सर्व्हेअरला एका नजरेत कळतं आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर येऊन गेला आणि त्यानंतर बंपर उघडला. आत हेडलाइट धरणारी पट्टी वाकलेली निघाली. गॅरेजने तिचा फोटो पाठवून वाढीव मंजुरी घेतली आणि मगच ती सरळ केली. मंजुरीआधी काम झालं असतं तर ते पैसे माझ्याकडून गेले असते.

बिल झालं २५,००० रुपये. गाडी सव्वातीन वर्षांची आणि घसारा न कापणारं झीरो डेप हे जादा कव्हर नव्हतं, म्हणून घसारा कापला गेला. बंपर ४,००० चा आणि हेडलाइट ६,००० चा. प्लास्टिकवर निम्मे जातात, म्हणजे ५,००० गेले. ३,६०० च्या पत्र्याच्या फेंडरवर या वयाला २५ टक्के, म्हणजे ९००. रंगकामाच्या ८,००० पैकी चौथा हिस्सा मटेरियलचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणजे १,०००. उरलेली ३,४०० मजुरी पूर्ण मिळाली. शेवटी १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला लागणारी सक्तीची १,००० ची वजावट. असे ७,९०० मी भरले, १७,१०० कंपनीने गॅरेजला दिले.

खरा धक्का गेल्या आठवड्यात, पॉलिसी नव्याने घेताना बसला. क्लेम नसता तर हप्त्यावर ४५ टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, मिळाला असता, तो शून्य झाला. माझ्या ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, ९,००० हप्त्यावर हे ४,०५० रुपये, आणि पुढच्या वर्षी सुरुवात पुन्हा २० टक्क्यांपासून. एवढं धरूनही हा क्लेम फायद्याचा ठरला. फक्त बंपर फुटला असता आणि बिल सात-आठ हजारांचं आलं असतं, तर मी खिशातूनच भरलं असतं.

यंदा झीरो डेप घेतलंय. त्यातही १,००० ची वजावट सुटत नाही, हे विकणाऱ्याने आपणहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं.