रात्री पावणेबाराचं "काय चाललंय गा?" : उत्तर कोणतं द्यावं

वडगावातला माझा मित्र मागावर काम करतो. त्याचा मेसेज सकाळी सातला येतो, "उठलास काय गा?", आणि पाठोपाठ एक टोमणा. श्रावणात एकदा मेसेज रात्री पावणेबाराला आला. "काय चाललंय गा?" एवढंच. टोमणा नाही. शब्द रोजचेच, पण वेळ त्याची नव्हती. हाकेमागे काही दडलंय का, हे त्या माणसाच्या सवयीशी ताडूनच थोडंफार कळतं. नुसती झोप उडालेलीही असू शकते म्हणा.

"मस्त, तू सांग" हे उत्तर रोजच्यासाठी ठीक. अशा वेळी मात्र समोरच्याला "मी पण मस्त" म्हणण्यावाचून वाट उरत नाही.

"काय झालं? टेन्शन हाय काय? सांग की!" यात काळजी खरी असते, पण त्याला लगेच कबुली द्यावी लागते. ज्याचं स्वतःशीच अजून जुळलेलं नाही, तो "काही नाही गा" म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे चारचौघांत "तोंड का पडलंय?" विचारतात, त्याचंही हेच होतं.

मी लिहिलं, "जागाच हाय. आज एवढ्या रात्री? माग बंद हाय काय?" दिसलं तेवढंच बोललो, अर्थ लावला नाही. मागाबद्दल बोलून विषय टाळायचा, तर तीही सोय होती.

"माग चालू हाय. झोप नाही."
"किती दिवस?"
"आठ."

मग 'टायपिंग' दिसायचं आणि जायचं. इथे माझेही हात शिवशिवत होते. डॉक्टरांचं नाव, झोपेचे उपाय, सगळं ओठावर आलेलं. "सावकाश लिही, मी हाय," एवढं टाकून थांबलो. वीस मिनिटांनी वडिलांचं आजारपण आणि उसन्या पैशांची गोष्ट आली. फोन करावा असं वाटलं होतं, पण दोन खोल्यांत सगळे झोपलेले, तो बोलणार कुठे? मेसेजच बरा पडला. वयस्कर माणसांशी मात्र फोनच करावा, आवाजावरून कळतं.

"सहाला चहाला येतो," म्हणालो, आणि गेलो.

"मी नसलो तरी चालेल" असं काही त्यानं लिहिलं असतं, तर ही सावकाशी कामाची नव्हती. तेव्हा सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतोय काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना उठवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. पण नंबर पाठवून आपण झोपायचं नाही. शेजारी बसून लावून द्यायचा.