आधी ईमेल, मग बाकीचं: उलट क्रमाने पासवर्ड बदलले आणि दुसऱ्यांदा पैसे गेले

माझं सांगलीत छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची ओळखपत्रं अशी कामं असतात. दुकानासाठी घेतलेला एक प्रिंटर मी परत केला होता आणि त्याचे अकरा हजार रुपये खरेदीच्या ॲपमधल्या वॉलेटमध्ये जमा झाले होते. एका सकाळी शाई मागवायला ॲप उघडलं तर शिल्लक पाच हजार. ऑर्डरच्या यादीत रात्री दोन वाजता तीन-तीन हजारांची दोन गिफ्ट व्हाउचर घेतलेली दिसली. ओटीपी आला नव्हता, कारण वॉलेटमधले पैसे वापरायला त्या ॲपला ओटीपी लागत नाही. ऑर्डर झाल्याचा मेलही माझ्या इनबॉक्समध्ये नव्हता.

मेल का आला नाही, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी घाबरून ॲपचा पासवर्ड बदलला, कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. समोरच्याने विचारलं, "आता खातं सुरक्षित आहे ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले पाच हजारही गेले होते आणि नवा पासवर्ड चालत नव्हता.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला फोन केला तेव्हा मी एका हाताने पुन्हा तोच पासवर्ड बदलत होते. ती म्हणाली, "मावशी, आधी हात थांबव. तू दाराला नवं कुलूप लावतेयस आणि किल्ली त्याच्याच हातात देतेयस. पासवर्ड विसरलात का असं दाबलं की लिंक कुठे जाते?"

लिंक जाते माझ्या ईमेलवर, आणि चोर तिथेच बसला होता.

तिने मला दुकानातल्या कंप्युटरवर जीमेल उघडायला लावलं. मोबाइलच्या ॲपमध्ये ही गोष्ट दिसत नाही, म्हणून कंप्युटरच लागतो. वरच्या चाकावर क्लिक, मग See all settings, मग Filters and Blocked Addresses. तिथे एका फिल्टरची, म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं या नियमाची, ओळ होती, मी कधीच न बनवलेली. त्या खरेदीच्या कंपनीकडून येणारा प्रत्येक मेल घ्यायचा आणि त्यापुढे लिहिलं होतं: Mark as read, Delete it. म्हणजे ऑर्डरचा मेल, पासवर्ड बदलल्याचा मेल, रीसेटची लिंक, सगळं येताक्षणी वाचलेलं ठरून कचऱ्यात. Trash उघडलं तर सगळे मेल ओळीने पडलेले होते. चोर मात्र ते तिथून निवांत उघडत होता. ती एक ओळ बघताना माझे हात गार पडले. दीड वर्षाचे गिऱ्हाइकांचे सगळे व्यवहार याच मेलवर आहेत.

आता हा माणूस मेलमध्ये शिरला कसा, ते शोधायचं होतं. भाचीने मला haveibeenpwned.com हा पत्ता स्वतः टाइप करायला सांगितला. ही साइट ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन सुरक्षा तज्ज्ञाने २०१३ साली सुरू केली. वेगवेगळ्या कंपन्यांतून चोरीला गेलेल्या माहितीत आपला ईमेल पत्ता आहे का, ते तिथे कळतं. या शोधासाठी ती फक्त ईमेल पत्ता विचारते. तपासून देतो म्हणत पत्त्यासोबत पासवर्ड किंवा ओटीपीही मागणारी साइट असेल, तर ती बंद करा.

माझ्या पत्त्याला तीन नोंदी आल्या, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा होता. नुसत्या तीन नोंदी बघून मी सगळे पासवर्ड बदलायला धावले असते.

पहिली नोंद पत्रिकेची डिझाइनं विकणाऱ्या एका साइटची. २०१४ मध्ये खातं काढलं होतं आणि विसरूनही गेले होते. प्रत्येक नोंदीखाली नेमकं काय चोरीला गेलं ते लिहिलेलं असतं. इथे त्यात Passwords हा शब्द होता. पासवर्ड कंपनीने कसे साठवले होते, तेही बऱ्याचदा वर्णनात असतं. तिथे plain text असेल तर पासवर्ड जसाच्या तसा गेला. MD5 किंवा SHA-1 ही पद्धत असेल तर तो गुंडाळून ठेवला होता, पण साधा पासवर्ड त्यातून फार लवकर उलगडतो. bcrypt ही पद्धत असेल तर उलगडायला बराच जास्त वेळ लागतो, तरी शब्द सोपा असेल तर तोही टिकत नाही. माझ्या नोंदीत MD5 होतं. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि सुरू केलेलं साल. तोच माझ्या ईमेललाही होता, दहा वर्षं.

दुसऱ्या नोंदीत फक्त ईमेल पत्ता आणि फोन नंबर गेला होता, पासवर्ड नाही. तिथे बदलण्यासारखं काही नाही. फक्त तुमचं पार्सल अडकलंय असे फसवे फोन आणि मेसेज कुठून येतात, ते त्यावरून कळलं.

तिसरी नोंद कुठल्या कंपनीची नव्हतीच. जानेवारी २०१९ मध्ये Collection #1 नावाची एक प्रचंड यादी उघड झाली होती, त्यात सुमारे ७७ कोटी ३० लाख ईमेल पत्ते होते. अनेक जुन्या चोऱ्यांतले पत्ते आणि पासवर्ड एकत्र करून ती बनवलेली. यातल्या अमुक पत्त्याचा पासवर्ड कोणत्या साइटचा, ते त्यातून कळत नाही. अशा याद्या घेऊन चोर एकच जोडी शेकडो साइटवर यंत्राने लावून बघतात. माझी जोडी जीमेलला लागली. तिथे दुसरी पायरी, म्हणजे फोनवरची पडताळणी, मी कधी चालूच केली नव्हती.

तारखेबद्दल भाचीने एक गोष्ट सांगितली, ती नोंद वाचताना ध्यानात ठेवा. चोरी केव्हा झाली आणि यादी उघड केव्हा झाली, यात वर्षं जातात. लिंक्डइनमधून २०१२ साली गेलेली माहिती मोठ्या प्रमाणात विक्रीला आली ती २०१६ मध्ये. म्हणून आज कोणता पासवर्ड आहे हे बघून चालत नाही. चोरीच्या वर्षी कोणता होता आणि तो अजून कुठे जिवंत आहे, ते आठवावं लागतं. आणि नोंद आली नाही म्हणजे पासवर्ड गेला नाही, असंही नाही. जी चोरी अजून बाहेर आलेली नाही ती तिथे दिसणार कशी? काही नाजूक स्वरूपाच्या साइटच्या नोंदी तर तिथे उघड शोधात दाखवतच नाहीत. मेलचा मालक आपणच आहोत हे सिद्ध केल्यावरच त्या दिसतात. आणखी एक, जीमेल पत्त्यातल्या टिंबाकडे लक्ष देत नाही, ही साइट देते. मी काही ठिकाणी पत्ता टिंब देऊन लिहिला होता, काही ठिकाणी न देता. दोन्ही तपासावे लागले.

मग आम्ही बदलायला बसलो, या वेळी तिच्या क्रमाने.

सुरुवात पासवर्डपासून नव्हती. तिने आधी विचारलं, दुकानाच्या कंप्युटरवर कुणी फुकटचं डिझाइन सॉफ्टवेअर टाकलंय का? ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारे व्हायरस तशा गोष्टींतून येतात आणि अशा कंप्युटरवर बसून नवा पासवर्ड टाकला तर तोही लगेच जातो. आमच्या मुलांनी फॉन्टसाठी काहीबाही टाकलं होतं. म्हणून पासवर्ड सगळे माझ्या फोनवरून बदलले, आणि तो कंप्युटर नंतर पुसून नव्याने भरून घेतला.

पहिला बदलला तो ईमेलचा. नुसता बदलून भागत नाही. फिल्टर काढलं, कारण पासवर्ड बदलला तरी ते तसंच राहतं. शेजारच्या Forwarding and POP/IMAP या ठिकाणी मेल कुठे पुढे पाठवला जातोय का ते बघितलं. गूगल खात्यातला रिकव्हरी फोन माझाच होता, पण रिकव्हरी ईमेल अनोळखी होता. तो राहिला असता तर नवा पासवर्डही त्याने मागून घेतला असता. Your devices मध्ये एक विंडोज कंप्युटर दिसत होता, आमचा नसलेला. त्याला साइन आउट केलं. मेल वाचायची परवानगी दिलेली बाहेरची ॲप बघितली आणि शेवटी दुसरी पायरी चालू केली. एवढ्याला चाळीस मिनिटं लागली. माझ्या मते याच चाळीस मिनिटांवर पुढचं सगळं उभं आहे.

त्यानंतर पैसे असलेली ठिकाणं: नेट बँकिंग, शेअरचं खातं, जीएसटीचं लॉगिन, आणि वॉलेटमध्ये शिल्लक राहू शकते अशी सगळी ॲप. मग चोरी झालेली ती डिझाइनची साइट. तिथलं खातं बदलण्याऐवजी बंदच केलं. शेवटी जिथे जिथे तोच पासवर्ड किंवा त्याची भावंडं होती ती. भावंडं म्हणजे दुकानाचं नाव तेच, पुढे सालाऐवजी @123. चोरांची यंत्रं असे बदलही करून बघतात, त्यामुळे तीही गेलेलीच धरायची. माझी तेवीस खाती निघाली. सगळ्यांना वेगळा पासवर्ड दिला आणि ते पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये ठेवले.

जुना पासवर्ड त्याच साइटच्या Pwned Passwords या भागात टाकून बघता येतो. तिथे पूर्ण पासवर्ड जात नाही. आपल्याच ब्राउझरमध्ये त्याचं SHA-1 पद्धतीने गुंडाळलेलं रूप निघतं आणि त्यातली पहिली पाच अक्षरं फक्त पाठवली जातात. तरी भाचीने तो सगळीकडून काढल्यावरच टाकू दिला, आणि मला ते पटलं. तो यादीत होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार भरली. फिल्टरच्या त्या ओळीचा फोटो पुसण्याआधी काढून ठेवला होता, तो तक्रारीसोबत जोडला. गिऱ्हाइकांना एकेकाला फोन करून सांगितलं, की माझ्या मेलवरून बँक खातं बदलल्याचं काही आलं तर पैसे भरू नका. खरेदीच्या कंपनीने चौकशीनंतर पहिले सहा हजार परत केले. पाच हजार दिले नाहीत. खातं सुरक्षित आहे असं मी फोनवर सांगितल्यानंतरची ती खरेदी आहे, असं त्यांनी लेखी कळवलं.