पावसाळाभर वापरून पाहिलं: भजनाच्या पेटीसाठी बंद डबा, सिलिका जेल आणि चिकटणारे सूर

आमच्या भजनी मंडळाची पेटी खर्ज-नर जोडीची आहे, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, एक खालच्या सप्तकातला आणि एक मधला. दर पावसाळ्यात तिची तीच रड असायची. पट्ट्या खाली गेल्या की वर यायला वेळ लावायच्या, एखादा सूर मुका व्हायचा आणि एखादी पट्टी दाबताच कानाला खुपेल अशी थरथर ऐकू यायची. यंदा पावसाच्या सुरुवातीपासून पेटी रबरी कडेच्या झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिक डब्यात ठेवली, सोबत सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक. पाऊस सरून गेला, आता अनुभव लिहायला हरकत नाही.

आधी निकाल: व्यवस्था कामाची आहे, पण पहिल्या पंधरवड्यात ती काहीच करत नाही असं वाटतं, आणि तिथेच लोक ती सोडून देतात. डब्यातल्या हवेत पाणी असतं फार थोडं. शंभर लिटरच्या डब्यातली दमट हवा पूर्ण कोरडी केली तरी जेमतेम तीन ग्रॅम पाणी निघेल. खरं पाणी लाकडात असतं. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून बसतं, ६० टक्के असेल तर ११ च्या आसपास. पेटीचं लाकूड सहा किलो धरलं तर या दोन स्थितींत फरक पडतो तीनशे ग्रॅम पाण्याचा. अर्धा किलो सिलिका जेल एका खेपेत तेवढं पिऊ शकत नाही, म्हणून सुरुवातीला दाणे भराभर रंग बदलतात आणि मापकाचा आकडा मात्र हलत नाही. माल खराब निघाला असं समजू नका. दाणे भाजून परत ठेवायचे, पुन्हा भाजायचे. आमच्याकडे तीन-चार खेपांनंतर आकडा ७८ वरून उतरू लागला आणि ५५ च्या आसपास स्थिरावला. त्यानंतर दाणे बराच काळ टिकले.

दाणे घेताना नारंगी रंगाचे घ्या, ते ओलावा प्यायले की हिरवे होतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे मी टाळते, त्यात कोबाल्ट असतं आणि ते भाजताना घरात नको वाटतं. ओव्हन असेल तर ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास पुरतात. त्याहून जास्त तापवलं तर रंग कायमचा जातो आणि दाणे ओले की कोरडे हे कळायचा मार्ग उरत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात ठेवू नका, आणि दाण्यांची पुरचुंडी पट्ट्यांना किंवा भात्याच्या चामड्याला टेकू देऊ नका. आकडा ४५ च्या खाली जायला लागला तर अर्धे दाणे काढून घ्या. फार कोरडं झालं की लाकूड आकसतं, फळीला फट पडते आणि हवा गळायला लागते. ओलाव्याने फुगलेलं लाकूड सुकल्यावर बहुधा जागेवर येतं, भेगाळलेली फळी येत नाही.

मापकाबद्दल एक गोष्ट. स्वस्तातले मापक दहा-दहा टक्के खोटं बोलतात, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, आणि ते झाकण व मापक एकाच घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर थांबते. आमचा मापक ७० दाखवत होता, म्हणून त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे असं डब्याच्या झाकणावर लिहून ठेवलं आहे. वर दिलेले आकडे ते पाच मिळवूनच दिले आहेत.

आता चिकटण्याबद्दल. मंडळात सगळ्यालाच “सूर चिकटला” म्हणतात, पण आत तीन वेगळ्या गोष्टी घडत असतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पट्टी दाबल्यावर सावकाश वर येत असेल तर सुराचा काही संबंध नाही. लाकूड फुगून ती शेजारच्या पट्टीला घासते आहे. दोन पट्ट्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी वरून खाली सरकवून बघा, जिथे अडकेल तिथे घर्षण आहे. तिथे पट्टीच्या कडेला मऊ पेन्सिलीचं शिसं घासायचं, बस. पॉलिश पेपर पावसाळ्यात मुळीच नको. आज घासून मोकळी केलेली पट्टी लाकूड सुकल्यावर खुळखुळते आणि ती परत भरता येत नाही.

पट्टी न दाबताच सूर वाजत राहिला तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही. बहुतेक वेळा चामड्याखाली कचऱ्याचा कण अडकलेला असतो. पट्टी हलकेच दाबून झडप उचलायची, खाली कोरा कागद सारायचा, पट्टी सोडायची आणि कागद ओढून घ्यायचा. दोन-तीनदा केलं की कण कागदाबरोबर निघून येतो. तरीही वाजत राहिलं तर स्प्रिंग सैल झाली असेल किंवा चामडं आकसलं असेल.

तिसरी गोष्ट खरी सुराची. पट्टी नीट खाली-वर होते, हवेची फूस ऐकू येते, पण सूर बोलत नाही किंवा फाटका बोलतो. पितळी जीभ तिच्या चौकटीत अगदी केसाएवढ्या फटीत हलते. धूळ आणि दमटपणा मिळून त्या फटीत चिकट थर बसतो. आमच्या पेटीत वरचं झाकण काढून बाजूचे हूक सोडले की पट्ट्यांसकट सुरांची फळी वर उचलता येते. जिभा तिच्या खालच्या अंगाला, हवेच्या कप्प्याकडे तोंड करून असतात. फळी उलटी ठेवताना पट्ट्यांवर भार येऊ नये म्हणून दोन्ही कडांना जाड पुस्तकं लावा. मऊ कोरडा ब्रश रिव्हेटकडून टोकाकडे फिरवायचा, उलटा कधीही नाही, कारण उलटे केस जिभेखाली शिरून तिला वाकवतात. मग पातळ कागदाची अरुंद पट्टी टोकाकडून जिभेखाली हळूच सरकवायची आणि तशीच सरळ मागे घ्यायची. शेवटी टोक सुईने अर्धा मिलीमीटर उचलून सोडायचं. टणकन स्वच्छ आवाज आला तर जीभ मोकळी झाली. तेल, गंज सोडवणारे फवारे, ओलं फडकं यांपैकी काहीही जिभेला लावू नका. तेल तासाभरात धूळ पकडतं आणि पुढच्या वेळी तीच जीभ आधी बंद पडते.

सूर लावण्याबद्दल आमचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण घाई इथेच होते. भर पावसात मधली पांढरी सहा वाजवली की थरथर यायची. खर्जाची खुंटी बंद करून एकटा नर ट्यूनरवर पाहिला तर ४४० च्या जागी ४३७. एकटा खर्ज बरोबर २२० वर होता. खर्जाच्या आवाजात त्याच्या दुपटीचा, म्हणजे ४४० चा अंशही असतो. तो ४३७ शी भांडतो आणि सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. मंडळातल्या एका काकांचं म्हणणं होतं की लगेच टोक घासून सूर चढवू या. मी थांबवलं. जिभेच्या टोकावर साचलेला मळ तिचं वजन वाढवतो, आणि टोक जड झालं की सूर उतरतो. आधी घासलं असतं तर मळ निघाल्यावर तोच सूर चढा बोलला असता. फळी काढून पाहिली तर त्या जिभेच्या टोकाशी हिरवट डाग आणि धुळीची रेघ होती. ब्रश आणि कागद फिरवल्यावर सूर ४३९ वर आला, म्हणजे सेकंदाला एकच लाट. भजनाच्या आवाजात ती कोणाला ऐकू येत नाही. तो तसाच ठेवला.

उरलेला एक हर्ट्झ आम्ही पाऊस संपून डब्यातला आकडा कितीतरी दिवस ५५ ला स्थिर राहिल्यावर काढला. जिभेखाली पातळ धातूची पट्टी आधाराला सरकवली आणि टोकाजवळ बारीक कानसीने लांबीच्या दिशेने एक हलका हात मारला. टोकाचं वजन घटलं की सूर चढतो, रिव्हेटजवळ घासलं की उतरतो. घासल्यावर लगेच मोजू नका. बोटाच्या उबेने जीभ तापते आणि सूर किंचित उतरलेला दिसतो. पाच मिनिटं थांबून, फळी बसवून, भाता नेहमीच्या जोराने एकसारखा चालवून मोजायचं. भात्याचा जोर बदलला तरी सूर थोडा हलतो, खर्जात जास्त. दोन हातांत आमचं काम झालं. दोन्ही सूर एकत्र वाजवले तेव्हा लाट पूर्ण थांबली होती.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. स्वच्छ केलेली जीभ अचानक बरीच उतरली, लावली, आणि आठवड्यात परत उतरली, तर ती रिव्हेटजवळ तडकली आहे. भिंगातून बारीक रेघ दिसते. अशी जीभ घासत बसू नका, त्याच मापाचा नवा सूर बसवून घ्या. भात्याचं फाटलेलं चामडं आणि वाकलेली फळी हीसुद्धा कारागिराचीच कामं.

डब्याचे तोटेही आहेत. भजन संपल्यावर पेटी लगेच आत टाकता येत नाही. भरलेल्या खोलीतली दमट हवा भात्याने आत ओढलेली असते, म्हणून झाकण उघडं ठेवून पंख्याच्या वाऱ्यात अर्धा तास ठेवावी लागते. उन्हात नाही, उन्हाने सरस सुटतो. मग भाता मिटवून, हूक लावून डब्यात. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळणं मात्र बंद करा, ओली पेटी तशी बांधली की बुरशी आतूनच धरते. शिवाय डबा मोठा आहे, दोघांशिवाय उचलत नाही, आणि भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी पाटावर ठेवण्यासाठी कायमची जागा काढावी लागते. तरी पुढच्या पावसात हीच व्यवस्था ठेवणार आहोत, फक्त सिलिका अर्धा किलोऐवजी एक किलो घेऊ. म्हणजे एक वाटा डब्यात असताना दुसरा भाजता येईल आणि सुरुवातीच्या दिवसांत डबा रिकामा राहणार नाही.