वॉचलिस्टची खूणगाठ कशाशी बांधावी: सिम्बॉलशी की आयसिनशी?

स्वतःच्या शीटमध्ये वॉचलिस्ट ठेवणाऱ्याने प्रत्येक शेअर कोणत्या खुणेने ओळखायचा, हे आधी ठरवावे लागते. एनएसईचा सिम्बॉल वाचायला सोपा असतो आणि भाव आणणाऱ्या सूत्राला तोच लागतो. बारा अक्षर-अंकांचा आयसिन लक्षात राहत नाही, पण डीमॅट खात्याच्या विवरणात तोच छापलेला असतो.

एप्रिल 2025 मध्ये झोमॅटोचा सिम्बॉल `ZOMATO` ऐवजी `ETERNAL` झाला. सिम्बॉलवर बेतलेल्या शीटमधली ती ओळ जुन्या नावावरच अडकली. आयसिन मात्र `INE758T01015` हाच राहिला, त्यामुळे एनएसईच्या `EQUITY_L.csv` या यादीत तो शोधला की नवा सिम्बॉल आपोआप सापडतो. याउलट जुलै 2022 मध्ये टाटा स्टीलच्या एका शेअरचे दहा झाले, तेव्हा `TATASTEEL` कायम राहिला आणि आयसिन `INE081A01012` वरून `INE081A01020` झाला. दर्शनी मूल्य बदलले की आयसिन बदलतो, ही त्याची उणीव असली तरी मला ती सोयीची वाटते, कारण ओळ जुळेनाशी झाल्यामुळे 950 रुपयांचा इशारा आता 95 वर आणायचा आहे हे तरी कळते. सिम्बॉलवाली शीट तोच जुना आकडा निमूट धरून बसते.

विलीनीकरणात दोन्ही खुणा अपुऱ्या पडतात. जुलै 2023 मध्ये एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि 25 शेअरमागे बँकेचे 42 शेअर मिळाले. म्हणजे `HDFC` वर 2,520 रुपयांचा इशारा असेल, तर तो 25 ने गुणून 42 ने भागल्यावर `HDFCBANK` वर 1,500 होतो, आणि 50 शेअरचे 84 होतात. हे गुणोत्तर सिम्बॉलमध्येही नसते आणि आयसिनमध्येही नसते. ते कंपनीच्या घोषणेतून घेऊन हाताने भरावे लागते. अशा वेळी सूत्राने चूक दाखवली तर उत्तमच, कारण खरा धोका शेवटचा भाव गोठून राहण्याचा आहे. म्हणून भावाशेजारी शेवटच्या व्यवहाराच्या तारखेचा रकाना ठेवावा.

शेअर यादीत दिसेनासा झाला म्हणजे तो डीलिस्टच झाला, असे लगेच समजू नये. तो नेहमीच्या व्यवहारांच्या `EQ` मालिकेतून डिलिव्हरी सक्तीची असलेल्या `BE` मालिकेत गेला असेल, तर फक्त `EQ` गाळून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, प्रत्यक्षात त्याचे व्यवहार चालू असतात.

दहा-पंधरा शेअर असणाऱ्याला सिम्बॉल आणि एनएसईची `symbolchange.csv` ही फाइल एवढे पुरते. त्याहून मोठ्या यादीसाठी मी आयसिनला मुख्य खूण करीन, सिम्बॉल बदलता रकाना म्हणून ठेवीन आणि जुना आयसिन न पुसता त्याच ओळीत तारखेसह राहू देईन, म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे विवरण पडताळतानाही ओळ जुळेल.