कपाशीचा पैसा केळीच्या लागवडीपर्यंत: ट्रेझरी बिलांचा दीड वर्षाचा अनुभव

आमची शेती जळगाव जिल्ह्यात, कपाशी आणि केळी. जानेवारीत कापूस विकला की चार लाखांच्या आसपास हाती येतात आणि जूनच्या सुरुवातीला मृगबागेच्या टिशू रोपांना, ठिबकला, खताला तेच लागतात. मधले चार-पाच महिने हा पैसा आधी बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहायचा. गेल्या वर्षी मी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या पोर्टलवर खातं उघडलं, तिथून सामान्य माणसाला सरकारी रोखे थेट घेता येतात. खात्याला फी नाही, पॅन, आधार आणि बँक खातं एवढ्यावर काम झालं.

ट्रेझरी बिल म्हणजे केंद्र सरकारची 91, 182 किंवा 364 दिवसांची उधारी. त्यावर व्याज मिळत नाही. 100 रुपयांचं बिल कमी भावात घ्यायचं आणि मुदत संपली की पूर्ण 100 मिळतात. किमान 10,000 रुपये. लिलाव साधारण बुधवारी असतो, म्हणून मी मंगळवारच्या आतच बोली टाकून मोकळा होतो. आपण फक्त रक्कम सांगायची, भाव सांगायचा नाही. मोठ्या बोलीदारांच्या लिलावातून जो सरासरी भाव निघतो, तोच आपल्याला लागतो. पैसे भरताना थोडे जास्त घेतात, वरचे परत येतात.

माझा पहिला भाव 98.40 पडला. चार लाखांच्या बिलांना 3,93,600 रुपये लागले आणि 91 दिवसांनी चार लाख थेट बँक खात्यात आले. म्हणजे 6,400 रुपये, वर्षाचा दर धरला तर साडेसहा टक्के. बचत खात्यात तेवढ्याच दिवसांत 2,450 च्या आसपास मिळाले असते.

चूक मी एप्रिलच्या शेवटी केली. पहिलं बिल सुटलं आणि उत्साहात सगळेच्या सगळे चार लाख पुन्हा 91 दिवसांच्या बिलात टाकले. ते सुटणार होतं जुलैच्या शेवटी आणि रोपांचे पैसे द्यायचे होते जूनच्या सुरुवातीला. म्हटलं, बाजारात विकता येतं की. विकता येतं हे खरं, पण घेणारा समोर हवा. सरकारी रोख्यांच्या बाजारात कोटींचे व्यवहार करणारे भरपूर असतात, आपल्या लाखा-दोन लाखांना बोली मोजक्याच. 42 दिवस झाले होते. साडेसहाच्या दराने त्या दिवशीचा भाव 99.13 च्या जवळ यायला हवा होता. मला 98.90 ची बोली दिसली, तीही एक लाखापुरतीच. ते विकलं. उरलेल्या तीन लाखांना गिऱ्हाईक नाही. शेवटी दाजींकडून हातउसने घेऊन रोपं उचलली. एक लाखावर मोजून 230 रुपयांचाच फटका, पण वेळेवर पैसा मोकळा होत नाही ही धास्ती त्याहून मोठी होती.

या वर्षी हिशोब उलटा केला. लागवडीची तारीख धरून मागे मोजलं. 91 दिवस म्हणजे बरोबर 13 आठवडे, त्यामुळे गुरुवारी मिळालेलं बिल गुरुवारीच सुटतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. मेच्या शेवटच्या आठवड्यात पैसा हवा, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं बिल घेतलं. एक आठवडा हाताशी राखलाच.

मग जानेवारी ते फेब्रुवारीचं काय? त्यासाठी लिक्विड फंड वापरला, म्हणजे थोड्या मुदतीच्या उधारीच्या कागदांत पैसे लावणारा म्युच्युअल फंड. कंपन्यांची थोड्या मुदतीची उधारी म्हणजे कमर्शियल पेपर आणि बँकांची तशीच उधारी म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, ही आपल्यासारख्याला इथूनच परवडतात, कारण थेट घ्यायची तर किमान पाच लाख लागतात. (हे सर्टिफिकेट म्हणजे बँकेची एफडीची पावती नव्हे. ते डिमॅटमध्ये असतं आणि मुदतीआधी बँक ते मोडून देत नाही.) फंडातले कागद जास्तीत जास्त 91 दिवसांचे असतात. पैसे काढायला सांगितले की मला दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळाले. पहिल्या सहा दिवसांत काढले तर थोडा दंड बसतो, सातव्या दिवसापासून नाही.

पण कमर्शियल पेपर म्हणजे कंपनीचं विनातारण वचन. 2018 साली आयएल अँड एफएस बुडीत निघाली तेव्हा तिचे पेपर बाळगणाऱ्या लिक्विड फंडांची किंमतही घसरली होती. म्हणून फंडात कोणते कागद आहेत ती यादी मी उघडून पाहतो. ट्रेझरी बिलं आणि मोठ्या बँकांची सर्टिफिकेटं जास्त असलेला फंड घेतला, परताव्यात थोडा कमी असला तरी.

एक गोष्ट गावातल्या बऱ्याच जणांना खटकते: शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण बिलावरचा नफा शेतीचा नाही. टीडीएस कापला जात नाही, म्हणून विवरणपत्रात तो आपणच दाखवायचा. मी प्रत्येक बिलाची खरेदीची रक्कम वहीत लिहून ठेवतो.

या वर्षी मेच्या त्या गुरुवारी चार लाख खात्यात आले आणि सोमवारी रोपांची गाडी बांधावर लागली.