१५० रुपयांचा चार्जर आणि नाचणारा टच: काही महिन्यांच्या वापरानंतर

चार्जर बस स्टँडबाहेरच्या हातगाडीवरून घेतलेला, बिननावाचा, वर 5V 2A छापलेलं. उन्हाळ्यात घेतला, दिवाळीपर्यंत पलंगाशेजारी वापरला. फोन चार्ज करायचा, त्याबद्दल तक्रार नाही. थोडा सावकाश करायचा, गरम व्हायचा, पण करायचा. तक्रार एवढीच, की तो लावलेला असताना फोनचा टच नाचायचा. वायर काढली की सगळं जागच्या जागी.

नाचायचा म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. कीबोर्डवर एक अक्षर दाबलं की त्याच उभ्या रेषेतलं वरचं किंवा खालचं अक्षरही उमटायचं. फोटो सरकवताना मधेच झूम व्हायचा, जणू दुसरं बोट टेकलंय. यूपीआयचा पिन टाकताना एक आकडा दाबला की दोन ठिपके पडायचे, म्हणून चार्जिंगला असताना पैसे पाठवणं मी बंदच केलं.

दुकानात दाखवला तर मुलगा म्हणाला, "दादा, डिस्प्ले गेलाय. बदलावा लागेल." मी म्हटलं, "अरे, चार्जर काढल्यावर नीट चालतो ना." त्यावर त्याचं म्हणणं, "आत्ता चालतो, पुढे पूर्ण जाईल." हे काही पटलं नाही. खराब झालेल्या डिस्प्लेला चार्जर लावलाय की नाही हे कसं कळणार?

तपासायला अँड्रॉइडमध्येच सोय आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Pointer location` चालू करा. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत `P: 0 / 1` असं काहीतरी दिसतं. पहिला आकडा म्हणजे या क्षणी स्क्रीनला किती बोटं जाणवतायत. फोन लाकडी टेबलावर ठेवला, हातात न धरता एकच बोट मधोमध टेकवून तसंच ठेवलं. बॅटरीवर असताना `P: 1 / 1` आणि बोटाखाली एक शांत ठिपका. हा चार्जर लावल्याबरोबर `P: 2 / 3`, आणि जादाचे ठिपके कुठेही नाहीत, तर बोटाच्याच रेषेत वर-खाली उड्या मारणारे. बोट उचललं की सगळे गायब. नंतर तीच वायर ठेवून चार्जरच्या जागी पॉवर बँक लावली: पुन्हा `P: 1 / 1`. म्हणजे वायर सुटली, डिस्प्लेही सुटला.

बोट उचलल्यावर ठिपके का जातात, यातच सगळं कारण आहे. टचस्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक तारांची आडवी-उभी जाळी असते. एका बाजूच्या तारांवर सिग्नल सोडायचा, दुसऱ्या बाजूच्या तारांवर तो वाचायचा. बोट आलं की त्या जागी सिग्नल किंचित घटतो. हा फरक एक पिकोफॅरडपेक्षाही कमी असतो, त्यामुळे वाचन फार नाजूक.

आता चार्जर. २३० व्होल्टच्या एसीचं आत आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं, आणि ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरला दिलं जातं. ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वेटोळी एकमेकांना चिकटून असल्याने त्यांच्यात आपोआपच एक छोटा कपॅसिटर तयार होतो. प्रत्येक झटक्याला त्यातून थोडा करंट पलीकडे ढकलला जातो आणि आउटपुटचे प्लस व मायनस दोन्ही एकदम वर-खाली होतात. दोन्ही एकदम हलल्याने त्यांच्यातलं अंतर पाच व्होल्टच राहतं. म्हणूनच यूएसबी टेस्टर लावला तर सगळं झकास दिसतं. माझ्याकडेही तसंच दिसलं.

फोन या चार्जरला जोडला की तोही जमिनीच्या मानाने तसाच वर-खाली होऊ लागतो. त्याला ते जाणवत नाही, कारण त्याच्या आतलं सगळंच सोबत हलतं. हलत्या होडीत बसलेल्याला होडीतली भांडी स्थिर वाटतात, तसं. पण आपलं शरीर जमिनीशी जोडलेलं. आपण बोट टेकवलं की काठावरून होडीला हात लावल्यासारखं होतं: तो सगळा हेलकावा बोटातून जाळीत शिरतो आणि बोटाखालच्या वाचणाऱ्या तारेवर चढतो. त्या तारेवर दुसरीकडेही बोट आहे असं कंट्रोलरला वाटतं. म्हणून खोटे टच त्याच रेषेत.

यावरून आणखी दोन गोष्टींचा उलगडा झाला. फोन हातात घट्ट धरला की त्रास कमी व्हायचा, कारण मग आपण आणि फोन बरेचसे सोबतच हलतो. टेबलावर ठेवून, अनवाणी पाय फरशीवर टेकवून एका बोटाने वापरला की सगळ्यात वाईट. दुसरं म्हणजे बॅटरी भरत आली की त्रास वाढायचा. स्वस्त चार्जरमध्ये बहुधा एका ट्रान्झिस्टरवर आपोआप चालणारं सर्किट असतं आणि त्याची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे बदलते. बॅटरी भरत आल्याने लोड कमी झाला की ती चढते, आणि टच ज्या फ्रिक्वेन्सीवर वाचतो तिच्या आसपास तिचा पट्टा आला की गोंधळ. टच कंट्रोलर फ्रिक्वेन्सी बदलून निसटायचा प्रयत्न करतो, पण चार्जरचा गोंगाट रुंद पट्ट्यावर पसरलेला असेल तर पळणार कुठे?

चांगल्या चार्जरमध्ये हा करंट परत वळवायला वाय कपॅसिटर असतो, बहुतेकदा निळी चकती, शिवाय ट्रान्सफॉर्मरमध्ये शिल्डिंगचा एक थर. मी माझा उघडून पाहिला. (तुम्ही उघडू नका, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.) निळी चकती नव्हती, शिल्डिंगचा पत्ता नव्हता, आणि मेनची बाजू व यूएसबीची बाजू यांच्यामध्ये बोर्डवर जेमतेम दोन मिलिमीटर जागा. टच नाचणं हा त्रास, पण ही दोन मिलिमीटर खरी भीतीची गोष्ट. त्याच दिवशी चार्जर फेकला.

इथे एक उलटी गंमत. धातूच्या फ्रेमवर बोट फिरवताना हलकी झिणझिण जाणवते, तिला लोक खराब चार्जरची खूण समजतात. ती येते याच वाय कपॅसिटरमुळे. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरलाही ती येते, आणि सुरक्षा मानकानुसार हा करंट पाव मिलिअँपिअरच्या आत हवा. माझ्या स्वस्त चार्जरला झिणझिण अजिबात नव्हती!

बीआयएसच्या खुणेबद्दलही थोडं. अ‍ॅडॉप्टरवर R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. पडताळाच. पण ती IS 13252 खालची सुरक्षेची नोंदणी आहे, टच नाचणार नाही याची हमी नव्हे. गोंगाटाची मर्यादा IEC 62684 या मोबाइल चार्जरच्या मानकात आहे: १ ते १०० किलोहर्ट्झमध्ये कमाल १ व्होल्ट, तळापासून शिखरापर्यंत. पाकिटावर हे कुणी छापत नाही, त्यामुळे दुकानातच `Pointer location` लावून बघणं हाच मार्ग.

उपाय म्हणून वायरवर फेराइटचा क्लिप लावून पाहिला, शून्य फरक. तो मेगाहर्ट्झमधल्या गोंगाटासाठी ठीक, इथे निरुपयोगी. जाड टेम्पर्ड ग्लास काढल्यावर ठिपके थोडे कमी झाले, कारण काच जितकी जाड तितका बोटाचा सिग्नल क्षीण.

दिवाळीनंतर फोनच्याच कंपनीचा चार्जर घेतला, वायर तीच जुनी. टेबलावर, अनवाणी, बॅटरी भरत आलेली, तरी `P: 1 / 1`. चार्जर काढूनही ठिपके नाचत असतील किंवा बोट न लावता स्क्रीन स्वतःच चालत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं: तिथे ओलावा, फुगलेली बॅटरी किंवा खरोखरच डिस्प्ले बघावा लागेल, आणि त्या मुलाचं म्हणणं बरोबर ठरेल.