देवरुखहून दादरला : नीटच्या रिपीटर बॅचचा आणि हॉस्टेलचा आठ महिन्यांचा अनुभव

बारावी राज्य मंडळातून देवरुखलाच केली आणि नीटमध्ये शासकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचतील इतके गुण मिळाले नाहीत, म्हणून जूनमध्ये दादरच्या एका क्लासच्या रिपीटर बॅचला प्रवेश घेतला. आता जानेवारी संपत आला आहे आणि परीक्षा मे महिन्यात आहे. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईला येण्याच्या विचारात असलेल्या विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. क्लासचे नाव लिहीत नाही, कारण बहुतेक गोष्टी इथल्या कोणत्याही मोठ्या क्लासला लागू पडतील.

शिकवण्याविषयी थोडक्यात सांगते. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र उत्तम शिकवले जाते. भौतिकशास्त्राचे सर दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या क्लासला गेले आणि नवीन सरांची पद्धत अंगवळणी पडेपर्यंत बराच वेळ गेला. मोठ्या क्लासमध्ये वर्षाच्या मध्यावर शिक्षक बदलणे ही नेहमीची बाब आहे, त्यामुळे केवळ एखाद्या शिक्षकाच्या नावावर विसंबून प्रवेश घेऊ नये. माझ्या मते या क्लासची खरी किंमत त्याच्या रविवारच्या चाचणीत आहे, आणि त्या चाचणीचा फायदा मिळणे न मिळणे बरेचसे हॉस्टेलवर अवलंबून असते.

चाचणी मुख्य परीक्षेच्याच वेळेला, म्हणजे दुपारी 2 ते 5, ओएमआर पत्रिकेवर होते. प्रश्न 180, गुण 720. बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे 1. गावी आम्ही फक्त एकूण गुण बघत असू. इथे पहिल्याच महिन्यात जीवशास्त्राच्या मॅडमनी चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तो का चुकला हे लिहायला लावले. ऑगस्टमधल्या एका चाचणीचे उदाहरण देते. बरोबर 118, चुकीची 44 आणि सोडलेली 18, म्हणजे 472 वजा 44, एकूण 428. त्या 44 पैकी 19 चुका जीवशास्त्राच्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक धडा न कळल्यामुळे झालेल्या नव्हत्या. मूत्रपिंडाचे कार्य मला व्यवस्थित समजावून सांगता येत होते, पण गाळण्याचा दर मिनिटाला 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर, आणि दर मिनिटाला मूत्रपिंडांतून जाणारे 1100 ते 1200 मिलिलिटर रक्त, हे आकडे चार विधानांच्या प्रश्नात एकमेकांच्या जागी टाकले की मी गोंधळत असे. एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचा, असे सगळे सांगतात. त्याचा अर्थ मला या 19 प्रश्नांनी कळला. उरलेल्या चुकांपैकी 14 भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीतल्या होत्या, त्याही बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासातल्या, आणि 11 ठिकाणी अंदाजाने गोल काळा केला होता.

त्यानंतर वेळेची मांडणी बदलली. जीवशास्त्राला 45 मिनिटे, रसायनशास्त्राला 50, भौतिकशास्त्राला 65 आणि उरलेली 20 मिनिटे मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी. गोल मात्र प्रत्येक पान संपले की लगेच भरायचे, शेवटासाठी ठेवायचे नाहीत. नोव्हेंबरच्या एका चाचणीत बरोबर 132, चुकीची 30 आणि सोडलेली पुन्हा 18 अशी आकडेवारी आली, म्हणजे 498 गुण. सोडलेले प्रश्न तेवढेच होते. फक्त 14 चुका बरोबर उत्तरांत बदलल्या आणि प्रत्येक चूक टळल्यामुळे 4 अधिक 1 असे 5 गुण मिळून 70 गुण वाढले. नवीन धडे उरकण्याच्या घाईत असलेल्या रिपीटर विद्यार्थ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर मांडून पाहावा.

या विश्लेषणाला तीन-चार तास लागतात आणि ते रविवारी रात्री किंवा फार तर सोमवारी व्हावे लागते. एखादा पर्याय आपण का निवडला हे बुधवारपर्यंत आठवत नाही, आणि मग कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘घाई झाली’ एवढेच लिहिले जाते. हॉस्टेलचा प्रश्न येतो तो इथेच. सुरुवातीला मी डोंबिवलीला राहत होते, कारण तिथे खाटेचे भाडे दादरच्या जवळजवळ निम्मे होते. फास्ट लोकलने पाऊण तासात दादर येते खरे, पण घरापासून फलाटापर्यंतचे अंतर, गर्दीमुळे सोडून द्यावी लागणारी गाडी आणि दादरहून पुढची चाल धरली की एका बाजूला दीड तास जातो. उभ्याने झालेल्या प्रवासात वाचन होत नाही, आणि परतल्यावर डोके चालत नाही. गणपतीनंतर क्लासपासून चालत पंधरा मिनिटांवर तीन खाटांची खोली मिळाली. भाडे वाढले, पण दिवसाचे किमान अडीच तास परत मिळाले.

चालण्याच्या अंतरावरच्या हॉस्टेलमध्येही रविवारची संध्याकाळ अवघड असते. मेसला रविवारी रात्री सुट्टी, कपडे धुवायला रांग, घरून येणारे फोन आणि खोलीतल्या तिघींचे तीन तऱ्हेचे निकाल. खाण्यासाठी बाहेर पडले की दोन तास सहज जातात. मेस चालवणाऱ्या काकूंना ही अडचण सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “रविवारी रात्री गॅस बंदच असतो गं, दुपारीच डब्यात पोळ्या आणि सुकी भाजी काढून ठेवत जा.” तेव्हापासून चाचणी संपली की डबा घेऊन मी थेट अभ्यासिकेत जाते. अभ्यासिकेची महिन्याची फी वेगळी भरावी लागते, आणि खर्चाचा अंदाज बांधताना बहुतेक पालक ती धरत नाहीत.

पाण्याबद्दल मात्र आधीच चौकशी करावी. नळाचे पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि उरलेला वेळ टाकीवर भागते. टाकी शेवटची कधी धुतली आणि पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातली फिल्टरची कांडी कधी बदलली, हे विचारायला संकोच करू नये. पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या दोघींना कावीळ झाली आणि दोघींचाही अभ्यास महिनाभर बुडाला. तेव्हापासून आमच्या खोलीत विजेच्या किटलीत पाणी उकळून, स्टीलच्या कळशीत झाकून ठेवतो. किटली वापरण्याची परवानगी प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावी, कारण अनेक ठिकाणी विजेची उपकरणे खोलीत ठेवू देत नाहीत. ताप आला तर दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. डेंग्यूची एनएस1 ही तपासणी तापाच्या सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगाची असते.

पैशांचे व्यवहार पालकांनी स्वतः वाचून करावेत. डोंबिवलीची खोली सोडताना, एक महिना आधी कळवूनही, अनामत रकमेतला मोठा भाग रंगकामाच्या नावाखाली कापला गेला, आणि तशी अट करारात कुठेही नव्हती. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या कोचिंग केंद्रांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की पूर्ण शुल्क भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच अभ्यासक्रम सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, आणि क्लासच्याच हॉस्टेलमध्ये राहत असल्यास हॉस्टेल व मेसचे शुल्कही त्याच हिशेबाने द्यावे. खासगी खोलीला हे लागू नाही आणि क्लासच्या बाबतीतही सूचना असणे व पैसे हातात पडणे यांत अंतर असते, म्हणून वर्षाची फी एकरकमी भरल्यावर मिळणाऱ्या सवलतीपेक्षा मी हप्ते निवडले. मेसचे पैसेही महिन्याच्या महिन्याला देते आणि काकू त्याची पावती वहीत लिहून देतात.